सोडियम ११२ असताना मीठ भरभर का चढवत नाहीत?

प्रश्न: सासूबाईंचं (वय ७१) सोडियम ११२ आलंय. चार दिवस जुलाब होते, बीपीची गोळी चालू आहे. बोलणं जरा असंबद्ध झालंय. डॉक्टर म्हणतात, दिवसाला सात-आठनेच वाढवायचं. मीठ कमी आहे तर भरभर का देत नाहीत?

उत्तर: मी फिजिशियन आहे. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांचा हिशोब समजावून सांगतो.

रिपोर्टमधला आकडा एक लिटर रक्तात सोडियम किती ते सांगतो. नॉर्मल १३५ ते १४५. तो ११२ वर येतो तेव्हा बहुतेकदा मुख्य भानगड जादा पाण्याची असते. मीठही थोडं गेलेलं असतं, पण शरीराने पाणी धरून ठेवल्याशिवाय आकडा एवढा खाली येत नाही.

पाणी धरायचं की सोडायचं हे एडीएच नावाचं हार्मोन ठरवतं. रक्त जरा घट्ट झालं की मेंदूला कळतं, तहान लागते, एडीएच सुटतं आणि किडनी पाणी राखते. रक्त पातळ झालं की एडीएच बंद होतं आणि पाण्यासारखी लघवी होऊन जादा पाणी निघून जातं. पण जुलाबाने अंगातला द्रव कमी झाला की शरीर आधी रक्तदाब सांभाळतं आणि सोडियम कितीही उतरलं तरी एडीएच चालूच ठेवतं. त्यात बीपीची गोळी थायझाइड गटातली असेल तर किडनीची लघवी पातळ करण्याची ताकदही कमी होते. अशात आपण घरचे प्रेमाने सांगतो, ‘जुलाब होतायत, भरपूर पाणी प्या.’ खाणं जेमतेम, पिणं नुसतं पाणी आणि चहा. ते पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही.

आता मेंदू. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. कवटीत जागा नसते. म्हणून पेशी आपल्यातलं पोटॅशियम आणि इतर काही विरघळलेले पदार्थ बाहेर टाकतात आणि साधारण दोन दिवसांत सूज बरीच आटोक्यात आणतात. चार दिवस आजारी असलेल्या बाईंचा मेंदू असा ११२ शी जुळवून बसलेला असतो. टाकलेले पदार्थ परत जमवायला मात्र त्याला कित्येक दिवस लागतात. त्याआधीच रक्त घट्ट केलं तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, विशेषतः मेंदूच्या देठातल्या पॉन्स भागात. याचं पहिलं वर्णन १९५९ साली झालं, दारूच्या आहारी गेलेल्या आणि कुपोषित रुग्णांमध्ये.

हे नुकसान लगेच दिसत नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. सोडियम वाढतं, पेशंट बोलायला लागतो, घरचे खूश होतात. आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं जड होतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. काही जण सावरतात, काहींना कायमचं अपंगत्व येतं.

तुम्हाला वाटेल, सलाईन सावकाश सोडलं की झालं. तसं नसतं. सासूबाईंचं वजन ५० किलो धरलं तर अंगात साधारण २२ लिटर पाणी. साध्या सलाईनची लिटरची बाटली कागदावर सोडियम जेमतेम दोनने वाढवते. पण द्रव भरून निघाला आणि गोळी बंद झाली की एडीएच अचानक थांबतं. मग तासाला ३० मिलीने होणारी लघवी ३०० मिलीवर जाते, आणि ती जवळपास नुसतं पाणी. सहा-सात तासांत दोन लिटर गेली तर सोडियम एका रात्रीत दहाने चढेल, बाटली हळू चालू असली तरीही! म्हणून सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी मोजतात आणि दर चार-सहा तासांनी रक्त काढतात. चिडू नका त्यांच्यावर. आकडा पळायला लागला तर डॉक्टर ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे बिनमिठाचं साखरेचं सलाईन, किंवा एडीएचसारखंच काम करणारं डेस्मोप्रेसिन देऊन त्याला लगाम घालतात. पोटॅशियम कमी असेल तर ते देतानाही सोडियम वाढतं, हेही हिशोबात धरावं लागतं.

अपवाद एकच. झटके आले किंवा शुद्ध हरपली तर ३ टक्के सलाईन १००-१५० मिली पटकन देतात, कारण तेव्हा सुजेचा धोका मोठा असतो. तिथेही चार-सहाने वाढलं की पुरतं.

आयसीयूत असेपर्यंत घरून पाणी, नारळपाणी, मीठ-साखरेचं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि बीपीच्या गोळीची पट्टी त्यांना नक्की दाखवा. नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर बहुधा त्यात थायझाइड आहे. त्यानेच हे झालं असं ठरलं तर त्या गटातली गोळी पुन्हा द्यायची नाही, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.