दारात उभ्या मुलाला उच्चारता येईल असं नाव

प्रिय,

सोलापुरातल्या तीन शाळांच्या सातवी ते नववीच्या मुलांनी आपल्या भागातली अडचण शोधून दोन शनिवारांत काही घडवून पाहायचं, अशी जी हॅकेथॉन तू ठरवतो आहेस, तिच्यासाठी पाठवलेली नावं वाचली. एक शाळा मराठी माध्यमाची, एक सेमी-इंग्रजी आणि एक उर्दू. म्हणजे घरी मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा चारही भाषा बोलणारी मुलं यात येणार. नाव निवडताना ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यासमोर ठेव.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे नाव सगळ्यात आधी फलकावर नाही, शेजाऱ्याच्या दारात वापरलं जाणार आहे. तेरा वर्षांची मुलगी वही घेऊन साखर पेठेतल्या एखाद्या घराची कडी वाजवेल आणि म्हणेल, "काकू, आम्ही अमुकतमुकमधून आलोय. पाणी येतं त्या दिवशी तुमचे किती तास जातात, ते विचारायचंय." त्या 'अमुकतमुक'च्या जागी तुझं प्रत्येक नाव घालून मोठ्याने वाच. 'सोलापूर इनोव्हेशन चॅलेंज' तिथेच गळून पडतं. ते बोलताना मुलगी अडखळेल आणि काकूंना काहीच कळणार नाही.

आता 'हॅक'बद्दल. हॅकेथॉन हा शब्द १९९९ साली ओपनबीएसडी या संगणक प्रणालीच्या प्रोग्रॅमर मंडळींनी कॅनडातल्या कॅलगरीत एकत्र बसून काम केलं, तेव्हापासूनचा. 'हॅक' आणि 'मॅरेथॉन' यांची ती जोडणी आहे. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होऊ लागल्यामुळे इंजिनीअरिंगच्या घरांत तो रुळला. पण सातवीतल्या मुलाच्या आईने 'हॅक' ऐकलेलं असतं ते 'खातं हॅक झालं', 'व्हॉट्सॲप हॅक झालं' असं. संमतिपत्रावर सही मागताना हा शब्द आडवा येतो. म्हणून 'हॅक-गल्ली' काढून टाक. 'परिसर-थॉन'ही नको, कारण 'थॉन' या शेपटीला मराठी कानात काही अर्थ नाही आणि 'परिसर' म्हटलं की मुलांना 'परिसर अभ्यास'चं पुस्तक आठवतं. हॅकेथॉन हा शब्द खालच्या ओळीत राहू दे. शिक्षकांना आणि मदत देणाऱ्यांना तो तिथे पुरेसा आहे.

यादीतली दोन नावं 'माझी...'ने सुरू होतात. 'माझी वसुंधरा', 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सरकारी मोहिमांनंतर अशी सुरुवात ऐकली की लोकांना योजना आली असं वाटतं आणि कागदपत्रं कुठे जमा करायची ते विचारतात. 'गल्ली दुरुस्ती'चा धोका आणखी मोठा. ते नाव ऐकून दारातला माणूस तुंबलेलं गटार, बंद दिवा, उखडलेला रस्ता अशी तक्रारींची यादी सांगेल आणि पुढच्या आठवड्यात विचारेल, "काय झालं आमच्या गटाराचं?" मुलं दोन शनिवारांत एक पाहणी आणि एक नमुना एवढंच करू शकतात. 'निवारण', 'मुक्त', 'समाधान' हे शब्दही असंच वचन देतात. नावाने मुलांच्या वतीने असा शब्द देऊ नये. या चुकीचा त्रास आयोजकांना होत नाही, मुलांना त्याच गल्लीतून रोज शाळेत जायचं असतं.

मग शब्द आणायचे कुठून? मुलांना 'नाव सुचवा' असं सांगू नकोस. तसं सांगितलं की ती टीव्हीवर ऐकलेली नावं सांगतात. प्रत्येक शाळेतल्या पाच मुलांना विचार, "तू राहतोस त्या जागेला घरात काय म्हणता?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे. पेठ, नगर, मोहल्ला, गल्ली, वस्ती, सोसायटी असे शब्द येतील. त्यातला प्रत्येक शब्द कुणाला तरी बाहेर ठेवतो. 'वस्ती' ऐकून काहींना झोपडपट्टीच आठवते. 'मोहल्ला' म्हटलं की विशिष्ट भाग डोळ्यासमोर येतो. 'आळी'तला 'ळ' उर्दू माध्यमाच्या मुलांच्या तोंडात 'ल' होतो. 'कट्टा' मराठीत गप्पांची जागा, पण हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांना तो गावठी पिस्तुलाचा शब्द वाटतो. मुलांच्या कार्यक्रमाला तो नको.

'गल्ली' मात्र टिकते. मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत गल्ली, उर्दूत गली. चारही घरांत ती कळते. अडचण एकच, जुळे सोलापूरमधल्या सोसायटीत राहणाऱ्या मुलाला गल्ली नसते. पण तोही गल्ली क्रिकेट खेळतो, त्यामुळे शब्द परका वाटत नाही. फक्त फॉर्मवर 'तुझी गल्ली, पेठ किंवा सोसायटी' असं स्पष्ट लिही.

त्याला जोड म्हणून मी 'शोध' घेईन. मराठीत शोध घेतलाही जातो आणि लागतोही, आणि मुलांनी नेमकं तेच क्रमाने करायचं आहे. पहिल्या शनिवारी हिंडून अडचण शोधायची, दुसऱ्या शनिवारी काही घडवून पाहायचं. 'गल्लीशोध' ऐकून काकू विचारतील, "काय शोधताय?" आणि तोच मुलीच्या पहिल्या प्रश्नाचा मोका. 'शोधमोहीम' मात्र करू नकोस, त्याला पोलिसांचा वास येतो.

माझी पसंती म्हणून ते लगेच घेऊ नकोस, तपासून बघ. या मुलांना न ओळखणाऱ्या दहा जणांना फोन कर. नाव एकदाच सांग आणि ते देवनागरीत व इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांग. देवनागरीत दोनपेक्षा जास्त जणांचं चुकलं तर नाव सोड. इंग्रजी अक्षरांत ते वेगवेगळं येणारच: Galli, Gully, Gali. इथे जपायला हवं, कारण Gali हे 'गाली' असंही वाचलं जातं आणि हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ शिवी. म्हणून दोन l असलेलं GalliShodh हे एकच रूप ठरव आणि फॉर्म, ईमेल, फलक, प्रमाणपत्र सगळीकडे तेच वापर. देवनागरीत शब्द जोडूनच लिही, 'गल्ली शोध' असं तोडलं तर ती आज्ञा वाटते. वर्ष नावात घालू नकोस, खालच्या ओळीत टाक, म्हणजे फलक पुढच्या वेळीही चालेल. तासांचा आकडाही नको. चोवीस तास जागणं शाळकरी मुलांसाठी नाही आणि आकडा पाहून पालक पहिला प्रश्न जागरणाचाच विचारतील.

छापायच्या आधी दोन्ही लिप्यांत हे नाव इंटरनेटवर शोध आणि ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ४१ मध्ये पाहा. शिक्षण आणि स्पर्धा-कार्यक्रम त्या वर्गात येतात. असंच नाव त्याच कामासाठी कुणी घेतलेलं असेल तर यादीतल्या दुसऱ्या शब्दाकडे वळ. महापुरुषांचं नाव जोडायचा आग्रह कुणी धरला तर १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा कायदा दाखव. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं त्याच्या अनुसूचीत आहेत आणि प्रायोजक असलेल्या कार्यक्रमात ती वापरण्याआधी परवानगीचा प्रश्न येतो.

फोनची चाचणी या आठवड्यात कर. दहा जणांनी लिहिलेली रूपं जशीच्या तशी मला पाठव, दुरुस्त करू नकोस.

तुझा,
काका