आईचा सीबीसी वाचताना

ताई, पहिल्या केमोनंतरचा आईचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट, कसा वाचायचा असं तुम्ही विचारलंत. पहिली केमो झाली की सगळ्यांची नजर डब्ल्यूबीसीच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जाते. आम्हीही वडिलांच्या वेळी तेच केलं. खरा आकडा एएनसीचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या संख्येचा, आणि तो घरी काढता येतो: एकूण डब्ल्यूबीसी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले 100. रिपोर्टमध्ये बँड सेल, म्हणजे अपक्व न्यूट्रोफिल, वेगळे दिले असतील तर तेही त्या टक्क्यांत मिळवायचे. तुम्ही लिहिलंय 1,900 आणि 24 टक्के, म्हणजे 456.

एएनसी 1,500 च्या खाली असेल तर न्यूट्रोपेनिया म्हणतात, पण 1,000 पर्यंत संसर्गाचा धोका फारसा वाढत नाही. 500 च्या खाली मात्र तो खरोखर वाढतो, आणि जितके जास्त दिवस आकडा तिथे राहील तितका अधिक. केमो अस्थिमज्जेतल्या वेगाने वाढणाऱ्या पेशींना दाबते, म्हणून बऱ्याच औषधांत साधारण 7 ते 14 व्या दिवशी काउंट तळाला जातो. आई आज दहाव्या दिवशी आहे, त्यामुळे हा आकडा अनपेक्षित नाही.

नवखे दोन ठिकाणी चुकतात:

- ताप न मोजताच क्रोसिन देणं. ताप दबतो आणि वेळ जातो. 100.4 फॅरनहाइट दिसला तर रात्री दोन वाजता का असेना, डॉक्टरांना फोन करून इमर्जन्सीत जा. सकाळची वाट नको.
- पू किंवा सूज नाही म्हणून निर्धास्त राहणं. पू बनतो मुख्यतः न्यूट्रोफिलचाच. तेच कमी, तर दिसणार काय? कधीकधी नुसती थंडी वाजते किंवा गळून गेल्यासारखं होतं, तेही कळवा.

काउंट वाढवायच्या इंजेक्शनांचं नंतर बोलू. आज आधी थर्मामीटर आणा.