तपास रखडलाय म्हणून न्यायालयात अर्ज: माझा पहिला अर्ज वाया का गेला

प्रश्न: मार्चमध्ये रात्री घरी येताना वडिलांना अज्ञात टेम्पोने उडवलं, जागीच गेले. एफआयआर आहे, फिर्यादी पोलीस हवालदार. पाच महिने झाले, विचारलं की "तपास चालू आहे" एवढंच ऐकायला मिळतं. कुणीतरी म्हणालं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. त्याने काही होतं का? अर्जात नेमकं काय मागायचं?

उत्तर:

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी वकील नाही. खाली लिहिलंय ते माझ्या धाकट्या भावाच्या प्रकरणात भोगून शिकलेलं आहे. अर्ज टाकण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला दाखवाच.

नोव्हेंबर २०१८ मध्ये भाऊ मोटारसायकलवर होता, मागून आलेलं वाहन ठोकर देऊन निघून गेलं. आमच्याकडेही फिर्यादी हवालदारच होते आणि उत्तरही हेच, "तपास चालू आहे". म्हणून तुमच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देते: हो, अर्जाने होतं. पण अर्जात काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे. माझा पहिला अर्ज वाया गेला तो याच कारणाने.

पहिल्या अर्जात मी मागितलं होतं, "सदर गुन्ह्याचा तपास योग्य रीतीने व जलद गतीने करण्याचे आदेश पोलिसांना व्हावेत." वाचायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. न्यायालयाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. त्यांनी चार ओळींत कळवलं की अज्ञात वाहनाचा शोध घेणे चालू आहे. न्यायालयाने ते वाचलं, तपास चालू असल्याचं नोंदवलं आणि अर्ज निकाली काढला. मे २०१९ मध्ये टाकलेला अर्ज जुलैत संपला. न्यायाधीशांना दोष देता येत नाही. तपासात काय करायचं राहिलंय हे मी कुठेच सांगितलं नव्हतं, मग ते कशाचा आदेश देणार?

मला मात्र बरंच काही माहीत होतं, आणि त्याचाच मला आजही सर्वांत जास्त त्रास होतो. अपघातानंतर पाचव्या दिवशी मी जागेवर गेले होते. रस्त्याच्या कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. तिथल्या एका बाईंनी मला सांगितलं की आवाज झाल्यावर त्या बाहेर आल्या, पांढरा टेम्पो थोडा पुढे जाऊन थांबला, एकजण उतरला, बघितलं आणि परत चढला. मी त्यांचं नाव विचारलं नाही. मुकादमाचा नंबर घेतला नाही. पोलिसांना तोंडी सांगितलं, त्यांनी "बघतो" म्हटलं, आणि मी समजले की जबाब झाला असेल. टोळी मार्चअखेरपर्यंत तिथेच होती. हंगाम संपला तशी गावाकडे गेली. माझा अर्ज मे महिन्यातला, आणि त्यातसुद्धा या बाईंचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. त्या पुढे कधीच सापडल्या नाहीत.

मग जानेवारी ते एप्रिल मी काय करत होते? एका वरिष्ठ कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होते. नाव लिहीत नाही. तीन अर्ज दिले. प्रत्येक वेळी आवक क्रमांक पडायचा, आणि पंधरा-वीस दिवसांनी माझाच अर्ज "पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून त्याच पोलीस ठाण्याकडे यायचा, ज्याच्याबद्दल तक्रार होती. मला त्याची प्रत मिळायची आणि मला वाटायचं काम सरकतंय. तिसऱ्या वेळी तिथल्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "ताई, न्यायालयात गेलात तर ठाण्याचे लोक चिडतील, थोडं थांबा." मी थांबले. या एका वाक्यापायी मी गप्प बसले याचा राग सात वर्षांनी लिहितानाही येतो. वरिष्ठांकडे लेखी तक्रार एकदा करावी लागते, कारण ती झाल्याशिवाय न्यायालय विचारतंच, "एसपींकडे गेला होतात का?" पण एकदाच. पोहोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपा. दोन-तीन आठवडे वाट बघा आणि पुढे जा.

आता कायद्याचा भाग, मला समजला तेवढा. पुष्कळ लोक, काही वकीलसुद्धा, सांगतात की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६(३) चा, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे तपासाचा आदेश मागायचा अर्ज फक्त एफआयआर घेत नसतील तेव्हाच चालतो. ते खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 'साकिरी वासू विरुद्ध उत्तर प्रदेश' हा २००७ च्या डिसेंबरातला निकाल ((२००८) २ एससीसी ४०९) वाचून घ्या. तोही एका वडिलांचाच लढा होता. लष्करात मेजर असलेला त्यांचा मुलगा २००३ मध्ये मथुरा स्टेशनवर मृत सापडला होता, रेल्वे पोलीस अपघात किंवा आत्महत्या म्हणत होते आणि वडील सीबीआय चौकशी मागत होते. ती मागणी फेटाळली गेली. पण न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपास नीट होत नसेल तर योग्य तपासाचा आदेश देण्याचा आणि त्यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला आहे. एफआयआर झाल्यानंतरही तो राहतो, आणि तपास अधिकारी बदलण्याची शिफारसही करता येते, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच 'सुधीर भास्करराव तांबे' प्रकरणात आलंय ((२०१६) ६ एससीसी २७७). मॅजिस्ट्रेट सीबीआयकडे तपास देऊ शकत नाही किंवा अमुक माणसाला अटक करा असं सांगू शकत नाही. तसलं काही अर्जात घालू नका, सगळ्या अर्जाचं वजन जातं.

तुमची घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू. कलम १५६(३) च्या जागी १७५(३) आहे. सोबत प्रतिज्ञापत्र लागतंच आणि आदेशाआधी न्यायालय पोलीस अधिकाऱ्याचं म्हणणं विचारात घेतं. म्हणजे ते चार ओळींचं उत्तर तुमच्याही वाट्याला येणार हे धरूनच अर्ज लिहा.

माझा दुसरा अर्ज ऑगस्ट २०१९ चा. नवीन वकील मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "घटनास्थळाचा पंचनामा वाचलाय का?" माझ्याकडे त्याची नक्कल होती, भावाच्या गाडीच्या विम्याच्या क्लेमसाठी घेतलेली. वाचला मात्र नव्हता. त्यात लिहिलं होतं की हेडलाइटच्या काचेचे तुकडे जप्त केले. मॅडम म्हणाल्या, अशा तुकड्यांवर बऱ्याचदा बनवणाऱ्याची खूण किंवा पार्ट नंबर उमटवलेला असतो, त्यावरून गाडीचं मॉडेल कळू शकतं. नऊ महिने ते तुकडे ठाण्याच्या मुद्देमालात पाकिटात पडून होते.

त्या अर्जात "योग्य तपास" हा शब्द आम्ही जवळजवळ वापरलाच नाही. तीनच गोष्टी लिहिल्या. पंचनाम्यातले काचेचे तुकडे तज्ज्ञाकडे किंवा आरटीओकडे पाठवले का, कधी, कोणत्या जावक क्रमांकाने. लगतच्या तालुक्यांतल्या गॅरेजांत त्या आठवड्यात टेम्पोची पुढची बाजू दुरुस्त झाली का याची विचारपूस केली का. आणि ऊसतोड टोळीतल्या साक्षीदाराचा जबाब घेतला का, नसेल तर मुकादमाचा शोध साखर कारखान्याकडून घेतला का. शेवटी मागणी अशी होती: या तीन मुद्द्यांवर पंधरा दिवसांत लेखी अहवाल मागवावा आणि न्यायालयाने केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही, मागवून पाहावी.

डायरीचं लक्षात ठेवा. ती आपल्याला बघता येत नाही, पण न्यायालय बघू शकतं, आणि "तपास चालू" हे उत्तर टिकतं की नाही ते तिथेच दिसतं. आमच्या डायरीत काय होतं ते मला कळलं नाही. पण सप्टेंबरात न्यायालयाने तिन्ही मुद्द्यांवर तारीख देऊन अहवाल मागवला. एका महिन्याच्या आत तुकड्यांवरून मॉडेल निघालं, शेजारच्या तालुक्यातल्या गॅरेजचं बिल सापडलं आणि पोलीस चालकापर्यंत पोचले. त्या रात्री त्याचा मोबाईल त्याच रस्त्यावर असल्याचं सीडीआरवरून, म्हणजे मोबाईल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवरून दिसलं. तेव्हा मोबाईल कंपन्यांना नोंदी एकच वर्ष ठेवाव्या लागत, म्हणजे आम्ही जेमतेम काही आठवड्यांनी वाचलो. डिसेंबर २०२१ पासून ती मुदत दोन वर्षं झालीय. सीसीटीव्हीला असा आधार नाही. पंपावरचं, धाब्यावरचं रेकॉर्डिंग अनेकदा पंधरा दिवस ते महिन्यात पुसलं जातं. तुमचं बहुधा गेलं असेल, तरी अर्जात विचारा की ते वेळेत मागवलं होतं का.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी पंचनाम्याची नक्कल मिळवा आणि एकेक ओळ वाचा. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूपुढे लिहा की तिचं पुढे काय झालं. तुम्हाला ठाऊक असलेला प्रत्येक साक्षीदार नाव-गाव-नंबरासह अर्जात घाला. माझ्यासारखं तोंडी सांगून सोडू नका.

अजून एक, आणि हे तुमच्यासाठी तातडीचं आहे. फिर्यादी हवालदार आहेत असं लिहिलंय तुम्ही. पोलिसांनी 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा अहवाल दाखल केला, तर न्यायालयाची नोटीस फिर्यादीला जाते. फिर्यादी पोलीसच असेल तर घरच्यांना पत्ताही लागत नाही. १९८५ च्या 'भगवंत सिंग' निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मृताच्या नातेवाइकाला, तो फिर्यादी नसेल तर, नोटीस मिळण्याचा हक्क नाही, मात्र तो हजर झाला तर त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. नव्या संहितेत कलम १९३(३) खाली पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, आणि पीडितात कायदेशीर वारस येतो. तुम्हाला पाच महिन्यांत असं काही कळवलं नसेल तर तेही अर्जात एक मुद्दा म्हणून घाला.

भरपाईचं वेगळं आहे, पण सांगते. वाहन सापडलंच नाही तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी दोन लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे होतो. तपास चालू असताना तोही करता येतो, एकासाठी दुसरा थांबवू नका.

आमचा खटला अजून चालू आहे. त्या बाईंची साक्ष नसल्यामुळे चालक थांबून, बघून पळाला हे सिद्ध करायला कुणी नाही. तुम्ही सोमवारीच एफआयआर नंबर घेऊन तुमच्या भागाच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयाच्या फौजदारी विभागात जा आणि त्या नंबरवर काही अहवाल दाखल झालाय का ते विचारा. झाला असेल तर हा अर्ज करायचा नसतो, निषेध अर्ज करायचा असतो. तो वेगळा विषय आहे, तसं निघालं तर इथेच लिहा, मी सांगते.