आजीच्या यादीतल्या उभ्या रेघा

‘आजीने किराण्याची यादी दिली आहे: तू.डा. १॥, साखर ५, शें.दा. ०॥।, जिरे ०।, पोहे पा., मोहरी १००, हळद २० ची. आकड्यांपुढच्या उभ्या रेघा म्हणजे काय? नक्की किती आणायचं?’

त्या रेघा म्हणजे पाव. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. म्हणून १॥ म्हणजे दीड, १। म्हणजे सव्वा. पूर्ण आकडा नसेल तर जुनी माणसं रेघेच्या आधी शून्य घालतात, म्हणजे रेघ एकटी पडत नाही. तुमच्याकडे शेंगदाणे पाऊण किलो, जिरे पाव किलो.

मी वडिलांच्या दुकानात पुड्या बांधायचो. पहिल्याच दिवाळीत एका यादीतलं ‘बेसन १॥’ मी अकरा वाचलं आणि अकरा किलो मोजून ठेवलं. दिवाळी असल्यामुळे शंकाही आली नाही. वडिलांनी यादी पाहून विचारलं, ‘साखर तीन किलो नि बेसन अकरा? लाडू वळणार कशात?’ तेव्हापासून मी एखादी ओळ अडली की शेजारच्या ओळी बघतो. एकाच घरातल्या जिनसांचं प्रमाण सहसा जुळतं.

अजून एक फसवी खूण आहे. ‘वरच्याप्रमाणेच’ अशा अर्थानेही दोन रेघा मारतात. त्या आखूड असतात, वरच्या आकड्याच्या बरोबर खाली येतात आणि त्यांच्याआधी आकडा किंवा शून्य नसतं. अर्ध्याच्या रेघा आकड्याइतक्याच उंच असतात.

जिथे एकक लिहिलेलं नाही तिथे जिन्नस बघायचा. साखर ५ म्हणजे किलो, मोहरी १०० म्हणजे ग्रॅम. ‘२० ची’ आहे तिथे मात्र वजन नाही, वीस रुपयांची हळद. भाव वाढला की पुडी लहान होते, त्यामुळे तिथे आजीला किती हळद लागते ते विचारूनच घ्या.

खरी गोची ‘पा.’ची. जिऱ्यापुढे असतं तर पाव किलो म्हटलं असतं, बिस्किटांपुढे पाकीट, आणि कोकणातल्या घरात तांदळापुढे पायलीसुद्धा. पोह्यांचं पाकीटही मिळतं आणि सुटे पोहेही मिळतात. पण बाकी सगळीकडे आजीने पाव रेघेनेच लिहिलाय, त्यामुळे इथे मी पाकीट धरेन. आजी तोंडाने ‘पावशेर’ म्हणाली तर दुकानदार २५० ग्रॅमच देतो. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम होता, त्यामुळे खरा पावशेर थोडा कमीच भरायचा.

एक ओळ दुकानात जायच्या आधी फोनवर विचारा: साखरेचा ५. घाईत लिहिलेला देवनागरी ५ आणि ४ माझ्याही डोळ्यांना अजून चकवतात.