फंडाचा जोखीम-परिच्छेद सोप्या शब्दांत कसा लिहावा?

प्रश्न: आमच्या इक्विटी फंडाच्या माहितीपत्रकात 'गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे' एवढंच आहे. लोकांना तोटा कळावा, पण ते घाबरू नयेत, असं कसं लिहू?

उत्तर: बंधनकारक वाक्य तसंच ठेवा, त्याखाली हे जोडा:

'या फंडाचे पैसे मुख्यतः शेअर्समध्ये असतात, त्यामुळे युनिटची किंमत वर-खाली होते. तुम्ही १,००,००० रुपये गुंतवले आणि किंमत ३० टक्क्यांनी उतरली, तर तेव्हा पैसे काढल्यास सुमारे ७०,००० मिळतील. पुन्हा १,००,००० होण्यासाठी त्या ७०,००० वर सुमारे ४३ टक्के वाढ लागेल. ती कधी होईल, किंवा होईलच, हे सांगता येत नाही.'

टक्के वाचून लोक पुढे सरकतात. हातात येणारी रक्कम दिसली की थांबतात, म्हणून दोन्ही लिहा. ३० हा आकडा मात्र नमुन्याचा आहे. तिथे तुमच्या फंडाची शिखरापासून तळापर्यंतची प्रत्यक्ष सर्वांत मोठी घसरण तारखांसह टाका आणि पुढची याहून मोठी असू शकते, हेही लिहा. नाहीतर वाचणारा तीच मर्यादा समजतो. 'दीर्घकाळात तोटा भरून निघतो' हे वाक्य टाळा, ते आश्वासन ठरतं.