लग्नकुंडली म्हणजे 'ज़वाज' नव्हे हो!

प्रश्न: "मुलाच्या पत्रिकेचा फोटो आहे, मस्कतच्या एका ओळखीच्या गृहस्थांना दाखवायला ती अरबीत करायची आहे. गुरू, शनि, राहू, लग्न, धनस्थान वगैरे शब्द तसेच अरबी लिपीत लिहू की त्यांचे शब्द वापरू?"

त्यांचे शब्द वापरा. विषय संपला असं म्हणणार होतो, पण आधी एक राग काढून घेतो. गल्फमध्ये अशी भाषांतरं करून देणारे बरेच लोक आहेत आणि त्यातल्या एकाने केलेल्या कागदावर मी 'लग्नकुंडली'च्या जागी चक्क 'ज़वाज' म्हणजे विवाह असा शब्द पाहिलाय. आणि हे फक्त तिथेच नाही, आपल्याकडेही 'लग्नात मंगळ आहे' म्हटलं की लोक मंगलाष्टकं आठवतात! अहो लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजाला लागलेली, तिथे उगवत असलेली रास. विवाह ठरलेल्या लग्नावर लावायचा म्हणून पुढे विधीलाच लग्न म्हणायला लागले, मूळ अर्थ क्षितिजावरचाच.

ह्याला अरबीत शब्द आहे तालिअ. अर्थ तोच, उगवणारा. आणि आता खरी मजा, हाच शब्द फारसीतून आपल्या घरात येऊन बसलाय. तालेवार! तालिअ म्हणजे उगवती रास, त्यावरून नशीब, त्याला फारसी 'वर' लागला की नशीबवान, आणि मराठीत आल्यावर तो नुसता पैसेवाला झाला, तालेवार घराणं, तालेवार आसामी. ताळेबंदातल्या ताळ्याशी त्याचा संबंध जोडणारे विद्वान मला अधूनमधून भेटतात (श्रीमंत म्हणजे हिशोब ठेवणारा, असं त्यांचं लॉजिक) आणि संस्कृत 'ताल'पर्यंत ओढून नेणारेही भेटतात, त्या दोघांनाही माझा नमस्कार. माझा तर आवडता तर्क असा की 'भाग्योदय' आणि 'तालेवार' ही एकाच चित्राची दोन नावं आहेत, दोन्हीकडे नशीब क्षितिजावरून वर येतंय, आणि पूर्वेकडे बघून नशीब सांगणारी माणसं ज्या भाषेत असतील तिथे हे चित्र आपोआप तयार होणार. कुणाला पटो न पटो. तर तुम्ही लग्नाच्या जागी तालिअ लिहा, 'लग्न' अरबी लिपीत लिहून त्या गृहस्थांना काय कळणार?

ग्रहांचं तर त्याहून सोपं. शम्स, कमर, मिर्रीख, उतारिद, मुश्तरी, ज़ुहरा, ज़ुहल, म्हणजे रवी ते शनि आपल्या वारांच्याच क्रमाने. गुरू तसाच लिहिलात तर वाचणारा 'पाचव्या घरात कुणी स्वामीजी' असं समजेल, आणि 'बुध' अरबीत बुद्धाच्या फार जवळ जातो. राहू-केतूसाठी रास आणि ज़नब, डोकं आणि शेपूट. राहू म्हणजे अरबांचं रास हे अल्-बीरूनीने १०३० च्या सुमाराला भारतावर अरबीत लिहिताना ओळखलेलंच होतं, त्यामुळे 'ही आपली खास भारतीय कल्पना, भाषांतर होणारच नाही' हा सूर कृपया लावू नका. फक्त एक, रास म्हणजे त्यांच्याकडे डोकं, आपली मेष-वृषभवाली रास नव्हे, तिला ते बुर्ज म्हणतात.

एक सापळा सांगतो. पत्रिकेत 'गुरू उच्चीचा' असेल तर जाणकार मंडळी खूश होऊन 'औज' लिहितात, कारण औज हा शब्द आपल्या संस्कृत 'उच्च'वरूनच अरबीत गेलाय. गेलाय खरा, पण तो गेला खगोलातल्या उच्चबिंदूसाठी, म्हणजे ग्रह सगळ्यात लांब असतो ती जागा. फलज्योतिषातल्या उच्चीला त्यांचा शब्द शरफ, नीचीला हुबूत. व्युत्पत्ती कितीही गोड असली तरी इथे शरफच लिहायचं.

स्थानांच्या बाबतीत मात्र नुसतं शब्दाला शब्द करून चालत नाही. आपलं रिपुस्थान सहावं. ते 'शत्रूंचं घर' असं अरबीत केलंत की तिथला ज्योतिषी सरळ बाराव्या घरात जाऊन बसतो, कारण त्यांच्या परंपरेत शत्रूंचं घर बारावं आणि सहावं आजाराचं. चौथं आपलं मातृस्थान, त्यांचं चौथं बापाचं. म्हणून आधी आकडा, अल्-बैत अस्-सादिस म्हणजे सहावं घर असा, आणि मग आपल्या नावाचा अर्थ. आकडा पक्का असला की गोंधळ होत नाही.

आणि आकड्यावरून आठवलं, फोटोतल्या चौकटीत जे आकडे दिसतात ते घरांचे नाहीत, राशींचे आहेत! आपल्या चौकटीत लग्न नेहमी वर मधोमध आणि तिथून घड्याळाच्या उलट घरं मोजायची. समजा वरच्या घरात ४ आणि 'गु (व)' आहे, खालच्या घरात १० आणि 'र'. म्हणजे कर्क लग्न, लग्नी वक्री गुरू, सातव्यात मकरेचा रवी. अरबीत तालिअ सरतान, मुश्तरी शरफात, कारण कर्केतला गुरू उच्चीचा, आणि राजिअ, म्हणजे वक्री. आता नवव्या घरात १२ आणि एक पुसट अक्षर, खाली उकार दिसतोय पण वरचं काय ते कळत नाही. गुरू तर आधीच लग्नी आहे, मग शु की बु? बुध रवीपासून साधारण २८ अंशांपलीकडे जातच नाही, मकरेच्या शेवटच्या टोकापासूनही मीन ३० अंश लांब, म्हणून बुध बाद. शुक्र ४७ अंशांपर्यंत जातो, म्हणून तो शु, ज़ुहरा. गुरू रवीच्या समोर आला की वक्री असतोच, तेव्हा 'व'सुद्धा बरोबर वाचलाय. सातव्यातला रवी म्हणजे जन्म सूर्यास्ताच्या आसपासचा, पत्रिकेवरच्या वेळेशी तेही ताडून बघा, नाही जुळलं तर कुठेतरी आकडा चुकीचा वाचलाय. राहू-केतू कायम समोरासमोर, त्यातला एक दिसला की दुसरा पुसलेला असला तरी सापडतो. आणि अरबी उजवीकडून लिहितात म्हणून डिझाइनवाल्याला चौकट आरशासारखी उलटी करू देऊ नका, नाहीतर दुसरं घर बारावं होईल.

जशीच्या तशी लिप्यंतरित करायची ती नक्षत्रं. त्यांच्याकडे चंद्राच्या मंज़िला आहेत, रोहिणीच्या ताऱ्याला दबरान म्हणतात हेही खरं, पण मंज़िला २८ आणि आपल्या पत्रिकेतली नक्षत्रं २७, त्यामुळे सीमा जुळत नाहीत. 'रोहिणी' अरबी लिपीत लिहा, शेजारी अंश द्या. आणि वर एका ओळीत 'हिंदी पद्धत, निरयन', म्हणजे राशी ताऱ्यांना धरून मोजलेल्या, असं टाका, कारण ३० जानेवारीचा रवी आपल्या पत्रिकेत मकरेत असतो आणि तिकडच्या पेपरातल्या भविष्यात दल्व म्हणजे कुंभेत, दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक, मग ते गृहस्थ म्हणणार भाषांतर चुकलंय.

हो, पत्रिकेत 'ह' दिसला तर तो हर्षल. १७८१ साली तो ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचं नाव आपण धरून बसलोय, अरबीत त्याला ऊरानूस म्हणतात, तिथे हर्षल लिहू नका.