३८ मिनिटांच्या अभिप्रायातून तीन ओळी

"मॅडम, सराव मुलाखतीनंतर पॅनेलने मला अर्धा-पाऊण तास अभिप्राय दिला आणि त्याचे रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. चार वेळा ऐकले. 'आत्मविश्वास वाढव', 'जास्त बोल', 'मुद्द्याचे बोल' हेच पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि दर वेळी मन खट्टू होते, पण उद्या सकाळी उठून नेमका कशाचा सराव करायचा, ते कळत नाही." – एक उमेदवार, गुहागर

तुमच्या पत्रामुळे मला देवगड तालुक्यातील एका मुलीची आठवण झाली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यानंतर वडिलांच्या आजारपणामुळे ती वर्षभर घरी होती आणि आता लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांमध्ये गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील कामासाठी अर्ज करत होती. जुलै महिन्यात आम्ही तिची सराव मुलाखत घेतली. पॅनेलवर एक प्राध्यापक, एक निवृत्त बँक अधिकारी आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केलेले एक गृहस्थ होते. मुलाखत २२ मिनिटे चालली आणि अभिप्राय ३८ मिनिटे. तिघांची परवानगी घेऊन दोन्हींचे रेकॉर्डिंग तिच्याच फोनवर केले होते.

आठवड्याने ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वहीत सारांश म्हणून एकच ओळ होती : "मी मुलाखतीत कमी पडते." मी कारण विचारले तेव्हा ती मालवणीत म्हणाली, "माका येता, पण सांगूक जमणा नाय." हे तिचे वाक्य वहीतल्या ओळीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे होते, कारण त्यात येणे आणि सांगणे या दोन गोष्टी तिने स्वतःच वेगळ्या केल्या होत्या. वहीतली ओळ मात्र अभिप्रायाचा सारांश नव्हती. अभिप्राय ऐकून तिला जे वाटले त्याचा तो सारांश होता. रेकॉर्डिंग नुसते पुन्हा पुन्हा ऐकले की असेच होते, कारण सर्वांत लागलेले वाक्य दर वेळी अधिक मोठे ऐकू येते आणि बाकीची वाक्ये त्याच्यामागे दडून राहतात.

म्हणून पहिले काम लिहिण्याचे केले. तिला आडव्या पानावर चार रकाने आखायला सांगितले : रेकॉर्डिंगमधील वेळ, कोण बोलले, त्यांचे शब्द जसेच्या तसे, आणि ते मुलाखतीतील कोणत्या उत्तराबद्दल होते. आपल्या भाषेत काहीही लिहायचे नाही, ही एकच अट होती. "सर माझ्यावर नाराज झाले" असे नव्हे, तर "प्रोजेक्टचे उत्तर फार लवकर संपवलेस" असे. हे काम किचकट आहे आणि ३८ मिनिटांच्या रेकॉर्डिंगला तिला जवळजवळ दोन तास लागले. मध्ये एका ठिकाणी पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की प्राध्यापकांची दोन वाक्ये ऐकूच येत नव्हती. ती आठवणीने भरू लागली तेव्हा मी तिला थांबवले, कारण आठवण नेहमी टीकेच्या बाजूने झुकते. तिने प्राध्यापकांना फोन करून विचारले, तर ती दोन्ही वाक्ये कौतुकाची निघाली.

पानावर एकूण २७ शेरे उतरले. त्यातील ६ कौतुकाचे होते आणि ४ "हल्लीची मुले" या विषयावरचे, म्हणजे तिच्याशी संबंध नसलेले. उरलेल्या १७ शेऱ्यांमध्ये त्याच त्या गोष्टी वेगवेगळ्या शब्दांत आलेल्या होत्या. त्या जुळवल्यावर ७ मुद्दे राहिले. सातांपैकी एक मी स्वतःच्या अधिकारात खोडला. बोलण्याचा सूर गावाकडचा आहे, असा तो शेरा होता. तिचे शब्द समजत नव्हते असे कोणीही म्हटले नव्हते, आणि प्रयोगशाळेतील कामाला मालवणी हेल आड येत नाही. आड येते ते हेल लपवण्याच्या धडपडीतले अडखळणे.

खरी मेहनत लागली ती "आत्मविश्वास कमी वाटतो" या शेऱ्याला. तो तीन वेळा आला होता. आत्मविश्वासाचा सराव करता येत नाही, कारण तो दिसण्या-ऐकण्याची वस्तू नाही, ऐकणाऱ्याने काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्ष कशावरून काढला, ते शोधायचे असेल तर अभिप्रायाचे रेकॉर्डिंग बाजूला ठेवून मुलाखतीच्या रेकॉर्डिंगकडे जावे लागते. चौथ्या रकान्यात उत्तर नोंदवलेले असल्यामुळे तिन्ही जागा लगेच सापडल्या. एका जागी तिला द्रावणाची तीव्रता विचारली होती आणि तिने "बहुतेक ०.१ नॉर्मल असावी" असे सांगितले होते. ते द्रावण तिने स्वतः तयार केले होते. मग आम्ही संपूर्ण मुलाखतीतील "बहुतेक" मोजले : ११ वेळा, आणि त्यातील ८ वेळा तिला उत्तर पक्के माहीत होते. दुसरी जागा प्रोजेक्टची होती, जिथे तिची सुरुवातच "तसे विशेष काही नाही" या शब्दांनी झाली होती. तिसऱ्या जागी वाक्याचा शेवट विरून गेला होता.

दरम्यान एक अडचण अशी होती की बँक अधिकारी "थोडे अधिक बोल" म्हणाले होते आणि प्रयोगशाळेतील गृहस्थ "उत्तरे लांबतात" म्हणाले होते. दोन परीक्षक एकमेकांच्या विरुद्ध बोलले, म्हणजे एक चुकीचा, असे समजून उमेदवार सोयीचा शेरा उचलतात. वेळा पाहिल्या तेव्हा विरोध उरलाच नाही. पहिला शेरा प्रोजेक्टबद्दल होता आणि ते उत्तर १२ सेकंदांत संपले होते. दुसरा वर्षभराच्या खंडाबद्दल होता आणि त्या उत्तरात वडिलांचे आजारपण, त्यांची होडी, मोठ्या भावाची मुंबईतील नोकरी असे सर्व सांगण्यात २ मिनिटे १० सेकंद गेली होती. जिथे तिच्याकडे सांगण्यासारखे होते तिथे ती थांबली होती, आणि जिथे दोन वाक्ये पुरली असती तिथे ती समजूत घालत बसली होती.

प्रोजेक्टमध्ये सांगण्यासारखे काय होते, ते मलाही तेव्हाच कळले. तिने कोकमाच्या आगळातील आम्लता सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करून मोजली होती. फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक टाकला की अंत्यबिंदूला, म्हणजे सगळे आम्ल संपते त्या क्षणी, फिकट गुलाबी रंग यायला हवा. पण आगळ मुळातच लालभडक, त्यामुळे तो गुलाबी रंग दिसणार कसा? तिने आधी नमुना बराच विरळ करून पाहिला, तरी खात्री होईना, तेव्हा दर्शकावर विसंबणे सोडून पीएच मीटर लावला आणि ८.१ ला अंत्यबिंदू धरला. पद्धत कुठे फसते ते ओळखून दुसरी वाट काढणे हेच तर गुणवत्ता नियंत्रणाचे रोजचे काम आहे, आणि तिने ते "विशेष काही नाही" या शब्दांत गुंडाळून ठेवले होते.

आणखी एक शेरा मात्र बोलण्याच्या सरावाने सुटणारा नव्हता. "नमुन्याचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर आला तर काय करशील?" या प्रश्नाला तिने "पुन्हा चाचणी करीन" असे ठामपणे सांगितले होते. इथे आवाज, लांबी, शब्द सर्व ठीक होते. उत्तरच अपुरे होते. आधी वरिष्ठांना कळवायचे, तयार केलेली द्रावणे फेकायची नाहीत, वजन, आकडेमोड, प्रमाण द्रावण आणि उपकरणाचे कॅलिब्रेशन तपासायचे, आणि मगच पुन्हा चाचणीचा विचार करायचा, हे तिने वाचून समजून घेणे आवश्यक होते. असे मुद्दे वेगळ्या पानावर लिहावेत, असा माझा आग्रह असतो. जे माहीतच नाही ते आरशासमोर शंभर वेळा बोलल्याने येत नाही, आणि जे माहीत आहे पण बोलता येत नाही त्यासाठी पुन्हा पुस्तक उघडणे ही पळवाट असते.

शेवटी सरावासाठी तीनच मुद्दे ठेवले. मुद्दा नीट उतरला आहे की नाही, हे तपासण्याची माझी कसोटी साधी आहे : तिला न ओळखणाऱ्या माणसाने नवे रेकॉर्डिंग ऐकून "झाले" किंवा "नाही झाले" असे सांगता आले पाहिजे. तिच्या वहीत असे लिहिले गेले :

"१. जो आकडा मला माहीत आहे त्याच्याआधी 'बहुतेक' म्हणणार नाही. माहीत नसेल तर 'मला खात्री नाही, मी अमुक ठिकाणी तपासीन' असे म्हणेन. रोज १० प्रश्न, भाचा विचारील, 'बहुतेक' मोजायचे.

२. प्रोजेक्ट : काय मोजले, कुठे अडले, काय केले, काय मिळाले. ९० सेकंदांच्या आसपास. खंडाचे उत्तर : कारण एका वाक्यात, आता मी उपलब्ध आहे हे दुसऱ्या वाक्यात. ४० सेकंदांच्या आत.

३. वाक्याचा शेवटचा शब्द समोरच्याला ऐकू गेला पाहिजे."

तिसऱ्या मुद्द्याबाबत मला शंका होती, कारण फोन पॅनेलच्या बाजूला ठेवलेला होता आणि बाहेर पाऊस होता. आवाज तिचा उतरला की रेकॉर्डिंगमध्ये तसा आला, हे नुसते ऐकून ठरवता येत नव्हते. समोर बसलेल्या प्राध्यापकांना विचारल्यावर त्यांनी आवाज खरोखरच उतरत होता असे सांगितले, म्हणून तो मुद्दा राहिला. सरावाची युक्ती तिनेच काढली. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायची, ही माजघरातून उत्तर द्यायची आणि आईने प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मोठ्याने परत म्हणायचा. आईला न कळलेला शब्द म्हणजे ते वाक्य पुन्हा.

तीन आठवड्यांनी त्याच तिघांसमोर दुसरी मुलाखत झाली. अभिप्राय सुरू करण्यापूर्वी मी त्यांच्या हातात तिच्या तीन ओळी दिल्या आणि आधी याबद्दल बोला, बाकीचे नंतर, अशी विनंती केली. त्या दिवशीचा अभिप्राय १५ मिनिटांत आटोपला. "बहुतेक" दोनदा आले, दोन्ही वेळा योग्य जागी. खंडाचे उत्तर ३५ सेकंदांचे झाले. आगळाच्या रंगाची गोष्ट सांगायला सव्वा मिनिट लागले आणि प्रयोगशाळेतील गृहस्थांनी त्यावर आणखी तीन प्रश्न विचारले. वाक्यांचे शेवट मात्र अजून विरत होते, विशेषतः प्रश्न अनपेक्षित असला की. तिने वहीत पहिल्या दोन ओळींवर रेघ मारली, तिसरी नव्या पानावर पुन्हा लिहिली आणि तिच्यापुढे "अनपेक्षित प्रश्नाला" हे दोन शब्द वाढवले.